जिल्ह्यांच्या दरांवरून राज्याचा दर कसा काढावा

जिल्हावार साक्षरतेचा तक्ता हाती आला की बहुतेक जण टक्क्यांचा रकाना सरळ बेरजेला लावतात, जिल्ह्यांच्या संख्येने भागतात आणि आलेला आकडा राज्याचा म्हणून लिहून टाकतात. तो राज्याचा नसतो. एक कल्पित राज्य घेऊन पाहू. त्यात चारच जिल्हे आहेत. लोकसंख्या ७ वर्षे व त्यावरील धरली आहे, कारण भारताच्या जनगणनेत साक्षरता दर याच वयोगटावर काढतात.

| जिल्हा | लोकसंख्या (लाख) | साक्षरता (%) |
|---|---|---|
| अ | ६० | ८८ |
| ब | १५ | ७६ |
| क | १० | ७० |
| ड | १५ | ७४ |

साधी सरासरी येते ७७ टक्के. आता टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. प्रत्येक जिल्ह्याची लोकसंख्या त्याच्या दराने गुणली की साक्षरांची संख्या मिळते: ५२.८, ११.४, ७ आणि ११.१ लाख. बेरीज ८२.३ लाख. एकूण लोक १०० लाख, म्हणजे राज्याचा दर ८२.३ टक्के. यालाच भारित सरासरी म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी आपण केलं इतकंच, की मोडलेले अपूर्णांक पुन्हा अंश आणि छेदात उलगडले आणि दोन्हींची वेगवेगळी बेरीज घेतली.

५.३ टक्क्यांचा हा फरक आला कुठून? साध्या सरासरीत ‘क’मधल्या १० लाखांचं वजन ‘अ’मधल्या ६० लाखांइतकंच धरलं गेलं. इथे सर्वांत मोठा जिल्हाच सर्वांत साक्षर आहे, म्हणून भारित आकडा वर गेला. मोठे जिल्हे मागे असते तर तो खाली आला असता. सगळे जिल्हे सारख्या आकाराचे असतील, किंवा आकाराचा दराशी काही संबंधच नसेल, तर दोन्ही सरासऱ्या जवळपास जुळतात. म्हणून दोन्ही काढून शेजारी ठेवाव्यात, असं माझं मत आहे. फरकाची दिशाच सांगते की दर मोठ्या जिल्ह्यांत जास्त आहे की छोट्या.

स्प्रेडशीटमध्ये दर B रकान्यात आणि लोकसंख्या C रकान्यात असेल तर सूत्र असं:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(C2:C5)
```

एखाद्या जिल्ह्याचा दर आलाच नसेल आणि तो कप्पा रिकामा असेल, तर हे सूत्र तिथे शून्य धरतं. त्या जिल्ह्याची लोकसंख्या मात्र छेदात मोजली जाते. ‘ड’चा दर पुसून बघा: उत्तर थेट ७१.२ वर घसरतं. स्क्रीनवर कसलीही चूक दिसत नाही, म्हणून ही फसगत वाईट. छेदातही फक्त दर असलेलेच जिल्हे घ्या:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUMIF(B2:B5,">=0",C2:C5)
```

आता ८३.८ येतं. पण हा आकडा तीनच जिल्ह्यांचा आहे, हे शेजारी लिहायला विसरू नका.

खरी गोम आहे ती वजन कोणतं घ्यायचं यात. एकूण लोकसंख्या सहज मिळते म्हणून तीच वापरली जाते, पण वजन म्हणून दराचा छेद घ्यायला हवा. आपल्याच उदाहरणात लहान मुलांसह लोकसंख्या अनुक्रमे ६६, १८, १२ आणि १८ लाख असेल, तर तिच्या वजनाने उत्तर ८२.० येतं. खरा दर ८२.३. फरक थोडा आहे, पण ज्या जिल्ह्यांत मुलांचं प्रमाण जास्त त्यांना उगाच जादा वजन मिळालं.

लिंग गुणोत्तरात ही चूक जास्त होते. दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया, हे ते गुणोत्तर, म्हणजे छेद पुरुषांची संख्या. समजा दोन जिल्ह्यांत प्रत्येकी १० लाख पुरुष आहेत, आणि गुणोत्तरं १००० व ८०० आहेत. स्त्रिया १० आणि ८ लाख, म्हणून एकत्रित गुणोत्तर ९००. एकूण लोकसंख्येचं वजन लावलंत तर ९०५ येतं. गंमत म्हणजे इथे साधी सरासरीही ९०० येते, कारण दोन्हीकडे पुरुष सारखेच आहेत. बालमृत्यू दराला त्या वर्षीच्या जिवंत जन्मांचं वजन लावायचं, लोकसंख्येच्या घनतेला क्षेत्रफळाचं.

वजन आणि दर एकाच काळातले असावेत. ताज्या दरांना जुन्या जनगणनेची लोकसंख्या जोडली तर झपाट्याने वाढलेल्या जिल्ह्यांना कमी वजन मिळतं.

साधी सरासरी अगदीच टाकाऊ नाही. प्रश्न माणसांचा नसून जिल्ह्यांचाच असेल, म्हणजे ‘एखाद्या जिल्ह्याची कामगिरी साधारण कशी आहे?’ असा असेल, तर प्रत्येक जिल्हा एक नग म्हणून मोजणं योग्यच. फक्त तिथे ‘जिल्ह्यांच्या दरांची सरासरी’ असं लिहावं, ‘राज्याचा दर’ असं नाही.