फूड व्हॅनचा हिशोब: गल्ल्याला कमाई समजू नका

चाकण एमआयडीसीत आमच्या गाड्यांच्या रांगेत नवा माणूस आला की त्याचं ठरलेलं असतं: दुपारी गल्ला मोजायचा आणि घरी फोन करून "आज सहा हजारांचा धंदा झाला" म्हणून सांगायचं.

मागे एक पोरगा आला होता. पोहे, वडापाव, चहा. हाताला चव होती, पण हिशोब तोंडी. सहा हजारांतून माल 2,700, हेल्पर 600, डिझेल 250. म्हणजे 2,450 सुटले, असं त्याचं म्हणणं. 19 किलोची टाकी चार दिवसांत संपायची, म्हणजे रोजचे 450. ते त्याने धरलेच नव्हते, कारण टाकी रोज आणावी लागत नाही. प्लेटा, पाण्याचे जार आणि जागाभाडं मिळून 300, दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे 150. गाडीच्या कर्जाचा बारा हजारांचा हप्ता तर महिन्याच्या खात्यातला म्हणून हिशोबाबाहेरच. खरं तर तो तिसाने भागूनही चालत नाही. साप्ताहिक सुट्टी, सण, गॅरेज धरलं तर गाडी 24 दिवसच लागते. म्हणजे रोज 500. हातात उरतात 1,050, तेही पहाटे चारला उठून. साहेबांनी मात्र 2,450च्या भरवशावर दुसरा हेल्पर ठेवला आणि 450 वर आले. गाडी पावसाळ्याआधीच विकली.

मी सकाळच्या पहिल्या गल्ल्यातूनच हप्ता आणि गॅसचे पैसे वेगळ्या डब्यात टाकतो. त्या डब्याला घरचं कुणी हात लावत नाही.

हेल्परने उचल घेतली की त्याच्यासमोर लगेच वहीत लिहा. महिनाअखेरीला आठवून भांडू नका. घरगुती सिलेंडर गाडीत वापरू नका, तो गुन्हा आहे. दिव्यासाठी इंजिन चालू ठेवून डिझेल जाळणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

आता जागा. गेटवर गर्दी दिसली की लोक गाडी लावून मोकळे होतात. पण पाळी सुटल्यावर त्यातले निम्मे थेट कंपनीच्या बसमध्ये चढतात, आणि आत जाणाऱ्यांना पंचिंगची घाई असते. थांबतो तो दुचाकीवरून घरी निघालेला. तोही रस्ता ओलांडून येत नाही, त्यामुळे गाडी त्याच्या जाण्याच्या बाजूला आणि दुचाकी टेकवता येईल इतकी जागा सोडून हवी. नवी जागा बघायला मी रिकाम्या हाताने जातो, तिथल्या टपरीवर चहा घेतो आणि पाळी सुटून अर्धा तास झाला की कचऱ्याच्या डब्यात डोकावतो. नुसते चहाचे कप दिसले तर तिथे पोह्यांची गाडी चालत नाही. प्लेटा दिसल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. आणि एकदा गाडी लावली की महिनाभर हलवत नाही. आज इथे, उद्या तिथे करणाऱ्यांना रोजचं गिऱ्हाईक लागत नाही, फक्त डिझेल लागतं.