अ‍ॅबनॉर्मल गेन: न मिळालेलं भंगार वजा करायला विसरू नका

प्रक्रियेत 1,000 नग घातले, एकूण खर्च 19,000. नॉर्मल लॉस, म्हणजे अपेक्षित घट, 10 टक्के, भंगार नगाला 10 दराने विकलं जातं. म्हणजे दर नगाचा खर्च (19,000 − 1,000) ÷ 900 = 20. प्रत्यक्षात चांगले नग निघाले 930.

अपेक्षित 900 च्या वरचे हे 30 नग म्हणजे अ‍ॅबनॉर्मल गेन. ते 20 दरानेच धरायचे, भंगाराच्या दराने नाही. ते चांगलेच नग आहेत. प्रक्रिया खात्याला 600 नावे, अ‍ॅबनॉर्मल गेन खात्याला जमा. प्रक्रिया खात्यात नॉर्मल लॉस मात्र 100 नग, 1,000 असाच राहतो. तिथे 70 लिहिण्याचा मोह होतो, पण मग दर नगाचा खर्चच बिघडतो.

खरी चूक इथून पुढे होते. बरेच जण 600 थेट नफा-तोटा खात्यात नेतात. पण भंगार 70 नगांचंच निघालं, हाती 700 आले. नॉर्मल लॉस खात्यात 1,000 नावे आणि 700 जमा, म्हणजे 300 लोंबकळतात. ते अ‍ॅबनॉर्मल गेन खात्याला नावे टाकून नॉर्मल लॉस खात्याला जमा करा. नफा-तोटा खात्यात उरलेले 300 जातील. नॉर्मल लॉस खातं बंद होत नसेल, तर हीच नोंद राहिली आहे का ते आधी बघा.