फोटोतल्या कलमांचा तक्ता करताना

कायद्याच्या पहिल्या वर्षी ग्रंथालयातलं संदर्भपुस्तक घरी नेता येत नव्हतं, म्हणून चोरीच्या प्रकरणाचे अकरा फोटो काढले. फोनने त्यातला मजकूर उचलला आणि मी तो सरळ तक्त्यात चिकटवला. कलम, गुन्हा, घटक, शिक्षा. अर्ध्या तासात काम फत्ते! पुढच्या आठवड्यात वर्गात विचारलं गेलं, "पहिल्यांदाच दोषी ठरला, माल चार हजारांचा आणि तो परत केला, तर?" माझ्या तक्त्यात उत्तरच नव्हतं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) चं परंतुक पुढच्या पानावर होतं आणि मी त्या पानाचा फोटो घेतलाच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक फोटोत पान क्रमांक दिसतोय ना, हे आधी बघते. क्रम तुटला की काहीतरी राहिलंय. पुस्तकाच्या शिवणीकडे ओळी वाकतात, तिथले शब्द हमखास बिघडतात. '३०३(२)' चं '३०३२' होतं, पण ते डोळ्यांना लगेच खटकतं. 'किंवा' आणि 'आणि' यांची अदलाबदल मात्र खटकत नाही, कारण वाक्य तरीही नीट वाचता येतं.

आता शिक्षेचा रकाना मी हाताने, फोटो समोर धरून भरते:

| कलम | गुन्हा | शिक्षा |
|---|---|---|
| ३०३(२) | चोरी | ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही |
| ३०४(२) | हिसकावून चोरी | ३ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड |

वर्षं सारखीच, पण पहिल्यात नुसत्या दंडावर सुटता येतं, दुसऱ्यात नाही. ३०३ च्या ओळीखाली आणखी दोन ओळी येतात. पुन्हा दोषी ठरल्यास १ ते ५ वर्षं सश्रम कारावास आणि दंड. माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा, दोषी पहिल्यांदाच आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवा. हे सगळं एकाच चौकोनात कोंबलं की परीक्षेत आठवत नाही.

घटकांच्या रकान्यात व्याख्या उतरवू नका. मी ती प्रश्नांत फोडते. वस्तू जंगम आहे का? कुणाच्या तरी ताब्यात होती का? त्याची संमती नव्हती ना? हेतू अप्रामाणिक होता का? ती घेण्यासाठी हलवली का? शेतातलं झाड उभं असताना पहिल्याच प्रश्नावर अडतं, तोडलं की पुढे सरकतं. पुस्तकात हे स्पष्टीकरणाच्या बारीक टाइपात असतं आणि फोटोत नेमकं तेच धूसर येतं, म्हणून त्या भागाचा जवळून वेगळा फोटो घ्या.

आवृत्तीचं पानही टिपून ठेवा. जुन्या पुस्तकात चोरी ३७८-३७९ खाली सापडते, ती भारतीय दंड संहितेची कलमं. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला तीच लागतात. मी त्यांच्यासाठी पाचवा रकाना ठेवलाय.