VMX फाइल हाताने बदलताय? या चुका टाळा

व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अडॅप्टर जोडता येतो, काढता येतो, ब्रिज्ड की नॅट तेही ठरवता येतं. पण आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला तो कोणत्या जातीचं कार्ड म्हणून दिसावा, हे निवडायला तिथे जागाच नाही. ते ठरतं व्हर्च्युअल मशीनच्या फोल्डरमधल्या `.vmx` फाइलमधल्या एका ओळीत:

```
ethernet0.virtualDev = "e1000e"
```

`e1000e` म्हणजे इंटेलच्या खऱ्या कार्डाची नक्कल. तिच्या जागी `vmxnet3` लिहिलं की व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेलं, होस्टच्या सीपीयूवर कमी भार टाकणारं कार्ड मिळतं. बदल एका शब्दाचा, पण तो करताना बहुतेकांचं घोडं त्याच चार-पाच ठिकाणी अडतं.

पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मशीन चालू असताना फाइल बदलणं. मशीन चालू असताना आणि बंद होताना वर्कस्टेशन स्वतः ही फाइल पुन्हा लिहितं, त्यामुळे तुमची ओळ पुसली जाते. आधी गेस्ट नीट शट डाउन करा. सस्पेंड केलेलं चालणार नाही, कारण सस्पेंडमध्ये जुन्या कार्डासकट सगळी स्थिती जपून ठेवलेली असते आणि बदललेल्या हार्डवेअरवर ती परत उभी राहीलच असं नाही. मशीनचा टॅबही बंद करा; मी तर वर्कस्टेशनच पूर्ण बंद करतो. मग फाइलची एक प्रत दुसऱ्या नावाने ठेवा. फाइल काही केबींची असते, त्यामुळे इथे आळस करू नका.

दुसरी चूक अवतरणचिन्हांची. एखाद्या लेखातून ओळ कॉपी केली की सरळ `"` ऐवजी वळणदार चिन्हं येतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण व्हीएमवेअरला ती चालत नाहीत. म्हणून वर्ड प्रोसेसर नको, साधा टेक्स्ट एडिटर वापरा आणि चिन्हं स्वतः टाइप करा.

तिसरी चूक म्हणजे जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी ओळ जोडणं. इथे शेवटची ओळ जिंकते असं काही नाही. एकच नाव दोनदा आलं तर मशीन उघडतच नाही आणि ते नाव `already defined` असल्याची तक्रार येते. आधी `ethernet0.virtualDev` शोधा. सापडलं तर तिथेच बदला, नसेल तरच नवी ओळ लिहा.

याच्या उलट, नावाचं स्पेलिंग चुकलं तर व्हीएमवेअर चकार शब्द काढत नाही. `ethernet0.virtualDevice` लिहिलंत तर मशीन नेहमीसारखं सुरू होतं आणि कार्ड जुनंच राहतं. मला ही चूक सगळ्यात घातक वाटते, कारण काम झालं असं समजून माणूस पुढे जातो. मशीन सुरू झाल्यावर त्याच फोल्डरमधली `vmware.log` उघडा. `DICT` असा शब्द असलेल्या ओळींमध्ये, सुरू होताना वाचलेली सेटिंग्ज दिसतात. पण चुकीचं नावही तिथे तसंच दिसतं, म्हणून खरी खात्री गेस्टच्या आतूनच करायची. लिनक्समध्ये:

```
ethtool -i ens33
```

`driver: vmxnet3` असं आलं की झालं. `ens33` च्या जागी तुमच्या इंटरफेसचं नाव घाला. ते `ip link` ने कळतं.

आता खरी पंचाईत, जी फाइल अगदी बरोबर लिहूनही होते. एका विंडोज गेस्टवर मी हा बदल केला आणि नेटवर्क गायब झालं. व्हीएमवेअर टूल्स टाकलेले नव्हते आणि या कार्डाचा ड्रायव्हर त्यांच्यासोबत येतो. जुनी ओळ परत आणली, टूल्स टाकले, पुन्हा बदल केला. कार्ड दिसलं, पण स्टॅटिक आयपी भरायला गेलो तर तो पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला असल्याचा इशारा आला. विंडोजच्या लेखी हे नवंच कार्ड असतं आणि जुन्याचा पत्ता जुन्याकडेच राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगून जुनं कार्ड काढलं, तेव्हा सुटलं. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, पण इंटरफेसचं नाव बदलू शकतं, उदाहरणार्थ `ens33` चं `ens160`, आणि स्टॅटिक पत्त्याची मांडणी जुन्या नावावर अडकून राहते. म्हणून बदलाआधी आयपी, गेटवे आणि डीएनएस लिहून ठेवा.

बदलाआधीच्या स्नॅपशॉटवर परत गेलात, तर त्या वेळचं कॉन्फिगरेशनही परत येतं आणि कार्ड पुन्हा `e1000e` होतं.

आणि फाइलमध्ये `encryption.data` ने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसली, तर तिथे हात लावू नका. ते मशीन एन्क्रिप्टेड आहे, त्याची सेटिंग्ज त्या ओळीतच बंद आहेत, आणि त्यातलं एखादं अक्षर बिघडलं तर मशीन उघडायला फक्त आधी ठेवलेली प्रतच कामी येईल.