लग्नाचे फोटो देण्याआधी: दोन कॅमेरे, एक क्रम

लग्नाचं शूट झालं की दुसऱ्या दिवशी इंटर्नच्या हातात दोन कार्डं येतात, एक सरांच्या कॅमेऱ्याचं आणि एक सेकंड शूटरचं. दोन्ही स्वतंत्र फोल्डरमध्ये कॉपी करा, कारण दोन्हींत DSC_0412 असू शकतो. आणखी एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. ती होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

मग लाइटरूम क्लासिकमध्ये सगळं इम्पोर्ट करून Capture Time नुसार लावा. इथेच घोळ दिसतो: अंतरपाट धरलेलाच आहे आणि मध्येच वधूवरांच्या गळ्यात हार! दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे आहे. दोघांनी टिपलेला एकच क्षण शोधा. अंतरपाट दूर होतो तो क्षण उत्तम, कारण तो कोणीच चुकवत नाही. समजा, सरांच्या फोटोवर वेळ आहे १२:२१:४० आणि दुसऱ्याच्या १२:१४:२८, म्हणजे फरक ७ मिनिटं १२ सेकंद. आता दुसऱ्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडा, त्यातल्या अंतरपाटाच्या फोटोवर क्लिक करून तो मुख्य करा आणि Metadata मेनूतल्या Edit Capture Time मध्ये सरांची वेळ लिहा. बाकीचे तेवढ्याच फरकाने पुढे सरकतात. सप्तपदीचे फोटो बघून खात्री करून घ्या.

आता निवड. पहिल्या फेरीत फक्त बाद करा: X दाबा, पुढे जा. मिटलेले डोळे, हललेला फोटो, चुकलेला फोकस. ग्रुप फोटो मात्र Z दाबून मोठा करून प्रत्येक चेहरा बघा. आत्याबाईंचे डोळे मिटलेत हे लहान चित्रात कळत नाही, आत्याबाईंना मात्र लगेच कळतं. उरलेल्यांतून दुसऱ्या फेरीत P.

नाव बदलायचं ते निवडीनंतरच, नाहीतर आकड्यांत भोकं पडतात आणि ‘मधले फोटो कुठे गेले?’ असा फोन येतो. निवडलेले फोटो घेऊन F2 दाबा. नाव साधं ठेवा:

```
20250212_Lagna_0001
```

हे काम लाइटरूममध्येच करा. बाहेर फोल्डरमध्ये नाव बदललंत तर त्याला मूळ फाइल सापडत नाही. आणि यजमानांनी या नंबरांवरून अल्बमची यादी केली की नंबर पुन्हा हलवू नका.

एडिटिंग प्रकाशानुसार करा. मंडपातला एक फोटो घेऊन व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर ठीक करा, मग तेच Sync ने त्या प्रकाशातल्या बाकीच्यांना लावा; क्रॉपची खूण काढायला विसरू नका. हळदीच्या फोटोंत जपून. पिवळेपणा घालवायला गेलात तर हळदच फिकी पडते आणि सावल्या निळ्या होतात. तिथे हळद लागलेल्या गालाकडे न बघता पांढऱ्या सदऱ्याकडे बघा.

एक्स्पोर्ट करताना JPEG आणि sRGB निवडा. दुसऱ्या कलर स्पेसमधले फोटो काही स्क्रीनवर मरगळलेले दिसतात. शेवटी फोल्डरमधली संख्या P केलेल्या फोटोंशी जुळवा, पाचदहा फोटो मोबाइलवर उघडून बघा आणि मगच सरांना सांगा.