चेकडिस्क एकाच टक्क्यावर थबकले असता: वाट पाहावी की मध्येच बंद करावे, हे ठरवण्याआधीची तयारी

संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर `Scanning and repairing drive (C:): 11% complete` अशी ओळ उमटली आणि दोन तासांनंतरही अकराचे बारा झाले नाहीत, तर पॉवरच्या बटणाकडे हात जाण्याआधी मोबाइलवर त्या पडद्याचा वेळेसह एक फोटो काढून ठेवावा. अर्ध्या तासाने दुसरा काढावा. आपल्याला वाटते त्यापेक्षा वेळ कितीतरी हळू सरत असतो आणि ‘कालपासून अडकले आहे’ असे सांगणाऱ्याचा संगणक बहुधा संध्याकाळी सातपासूनच अडकलेला असतो. पुढचा सगळा निर्णय या दोन नोंदींवर उभा राहणार असल्यामुळे यादीत त्यांचे स्थान पहिले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे चेकडिस्क, विंडोजचे हे डिस्क तपासणारे साधन, कोणत्या पर्यायाने सुरू झाले होते ते आठवणे, किंवा ज्याने सुरू केले त्याला विचारणे. `/f` हा पर्याय फाइल प्रणालीची आतली नोंदवही तपासून दुरुस्त करतो: फाइलींच्या मुख्य नोंदी, फोल्डरांच्या सूची आणि परवानग्यांची माहिती, असे तीन टप्पे त्यात येतात. `/r` दिला असेल तर हे तिन्ही टप्पे होतातच, शिवाय चौथ्या टप्प्यात फाइलींनी व्यापलेली आणि पाचव्यात मोकळी जागा वाचून पाहिली जाते. म्हणजे `/r` ला संपूर्ण विभाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचायचा असतो. एक टेराबाइटची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला सरासरी १०० मेगाबाइट वाचते असे धरले, तर निरोगी डिस्कवरही नुसत्या वाचनाला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. तीच डिस्क जुन्या यूएसबी २ च्या जोडणीवर असेल आणि वेग ३० मेगाबाइटच्या आसपास असेल, तर नऊ तासांहून अधिक. हा हिशेब आपल्या डिस्कच्या आकारानुसार कागदावर मांडून घ्यावा, कारण त्याआधी ‘अडकले’ हा शब्द वापरण्यात अर्थ नाही. एसएसडीच्या बाबतीत हाच हिशेब उलट बाजूने उपयोगी पडतो: ५०० गिगाबाइटची साटा एसएसडी पूर्ण वाचायला वीसएक मिनिटे पुरतात, तेव्हा ती दोन तास एकाच आकड्यावर असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

टक्केवारी वेळेच्या प्रमाणात सरकत नाही, हेही इथेच ध्यानात घ्यावे. एखाद्या फोल्डरात लाखो बारीक फाइली असतील, जुन्या ईमेलच्या किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या, तर त्या फोल्डराच्या सूचीपाशी आकडा बराच वेळ थबकतो आणि नंतर एकदम उडी मारतो. दहा-अकरा टक्क्यांवर तीन तास बसून पुढच्या वीस मिनिटांत काम पूर्ण झाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. त्यामुळे अमुक आकड्यावर अडकले म्हणजे अमुक बिघाड, अशा ज्या समजुती फिरत असतात, त्या मी तरी मोजत नाही.

मोजायची ती डिस्कची हालचाल. काळ्या पडद्यावर दुसरी कोणतीही खिडकी उघडता येत नाही, म्हणून डोळे आणि कान यांवरच भिस्त ठेवावी लागते. कॅबिनेटवरचा डिस्कचा लहान दिवा पाच मिनिटे सलग पाहावा. लॅपटॉपला असा दिवा नसेल आणि आत फिरती डिस्क असेल, तर तळाशी कान लावावा. दिवा वेड्यावाकड्या लयीत भराभर लुकलुकत असेल आणि आवाज नेहमीच्या खरखरीचा असेल, तर काम चालू आहे, वाट पाहावी. दिवा कित्येक सेकंद सलग पेटलेला राहून क्षणभर विझतो, पुन्हा तसाच पेटून राहतो आणि आतून ठरावीक अंतराने टकटक येते, असे असेल तर डिस्क एकाच जागेचे वाचन पुन्हा पुन्हा करून पाहत आहे. दिवा पाऊण तास पूर्ण विझलेला आणि आवाजही नाही, तर मात्र ते खरोखर थिजले आहे.

यातली मधली स्थिती सर्वांत फसवी असते, कारण तिच्यात चेकडिस्क चालूही असते आणि पुढेही जात नाही. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा धड वाचता न येणारा बारीक तुकडा, वाचताना डिस्क लगेच हार मानत नाही. ती आतल्या आत अनेकदा प्रयत्न करते आणि त्यात प्रत्येक सेक्टरमागे काही सेकंद जातात. दर सेक्टरला दहा सेकंद धरले तर असे हजार सेक्टर १०,००० सेकंद खातात. म्हणजे संपूर्ण निरोगी डिस्क वाचायला लागणारा वेळ इथे अर्ध्या मेगाबाइटच्या पट्ट्यात जातो. टक्केवारी हलत नाही याचे कारण चेकडिस्क बिघडले हे नसून डिस्क मरू लागली हे असते.

आता मध्येच बंद करण्याच्या भीतीविषयी. चेकडिस्क थांबवले की सगळा डेटा जातो, असे सर्रास सांगितले जाते. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत माहितीत मात्र इतकेच म्हटले आहे की मध्येच थांबवण्याची शिफारस नाही, तथापि थांबवल्यामुळे विभाग आधी होता त्याहून अधिक बिघडू नये आणि पुन्हा चालवल्यावर उरलेली दुरुस्ती व्हावी. हे आश्वासन फाइल प्रणालीपुरते आहे, डिस्कच्या यंत्रणेपुरते नाही, हा भेद विसरू नये. निरोगी डिस्कवर थांबवण्याचा धोका लहान आहे आणि वाट पाहण्याचा तोटा फक्त वेळेचा, म्हणून तिथे मी रात्रभर थांबायला सांगतो. मरणाऱ्या डिस्कवर मात्र `/r` चा प्रत्येक तास तिला दमवतो, वर त्याच डिस्कवर दुरुस्तीची लेखनेही होत राहतात. तिथे चिकाटी महागात पडते.

हे एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. ओळखीच्या एका कर सल्लागारांच्या कचेरीतला संगणक, एक टेराबाइटची सहा वर्षे वापरलेली हार्ड डिस्क, आणि अनेक वर्षांची विवरणपत्रे त्याच डिस्कवर. बॅकअप होता, पण चार महिन्यांपूर्वीचा. कोणीतरी `/r` देऊन संगणक पुन्हा सुरू केला होता आणि संध्याकाळी साडेसातपासून आकडा ११ वर होता. मी सव्वाआठला पोहोचलो तेव्हा घाई करण्यासारखे काही दिसले नाही. पावणेतीन तासांचा हिशेब सांगून आम्ही चहा घेतला. सव्वाअकराला आकडा १२ झाला, पण तोवर दिव्याची लय बदलली होती: सात-आठ सेकंद पेटलेला, क्षणभर अंधार, आणि दर वेळी एक बारीक ‘टक्’. पावणेचार तासांत एक टक्का हा वेग नुसता पाहिला असता तर सकाळपर्यंत थांबा म्हटले असते. लयीसह पाहिल्यावर बंद करण्याचा निर्णय घेतला.

बंद करण्याआधी तीन गोष्टी हाताशी असाव्यात. डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर किंवा मोबाइलवर उतरवलेली असावी, कारण ती नसेल तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडूनही उघडणार नाही. मूळ डिस्कहून मोठी दुसरी डिस्क असावी. आणि दुसऱ्या संगणकावर तयार केलेला, लिनक्सने सुरू होणारा पेनड्राइव्ह असावा. (यूपीएसच्या भरवशावर रात्रभर तपासणी चालवू पाहणाऱ्यांसाठी जाता जाता: घरगुती यूपीएस डेस्कटॉपला काही मिनिटेच तगवतो, तेव्हा देखभालीसाठी वीज जाण्याचा तुमच्या भागातला वार टाळावा.) चेकडिस्क विंडोजच्या आत खिडकीत चालले असेल तर Ctrl+C दाबावे आणि कमांडची ओळ परत येईपर्यंत हात आवरावा, चालू वाचन संपल्याशिवाय ती येत नाही. यूएसबीची तार उपटू नये. काळ्या पडद्यावर असाल तर पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून मार्ग नाही; दिवा विझलेल्या क्षणी दाबता आले तर बरे.

नंतर तोच संगणक सहज म्हणून सुरू करू नये. विभागावर ‘अस्वच्छ’ असल्याची खूण राहिलेली असते आणि चेकडिस्क आपोआप पुन्हा सुटते. सुरुवातीच्या उलट मोजणीत काही सेकंदांच्या आत कळ दाबली तरच ती टळते. डिस्क निरोगी आहे अशी खात्री असेल आणि विंडोज उघडत असेल, तर खूण पाहण्यासाठी पहिली आज्ञा आणि आपोआप तपासणी रोखण्यासाठी दुसरी वापरता येते:

```
fsutil dirty query C:
chkntfs /x C:
```

दुसऱ्या आज्ञेने दुरुस्ती होत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते. काम झाल्यावर `chkntfs /d` देऊन मूळ व्यवस्था परत आणावी.

कचेरीतल्या संगणकाच्या बाबतीत आम्ही विंडोज सुरूच केले नाही. लिनक्सवरून डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती आपल्या प्रकृतीची नोंद, पाहिली, तेव्हा वाचता न आल्यामुळे ताटकळलेल्या सेक्टरांची संख्या, म्हणजे १९७ क्रमांकाचा गुणधर्म, तीनशेच्या पुढे होती. निरोगी डिस्कवर ती शून्य असते. `lsblk` ने डिस्कचे नाव दोनदा पडताळून, कारण इथे नाव चुकले तर पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही, खराब डिस्कवरून डेटा वाचवणाऱ्या ddrescue या साधनाने तिची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर उतरवली:

```
ddrescue -d -n /dev/sdb disk.img disk.map
ddrescue -d -r1 /dev/sdb disk.img disk.map
```

पहिली फेरी अवघड जागांत न रेंगाळता सुटसुटीत वाचता येईल ते आधी पदरात पाडते. दुसरी फेरी नकाशाच्या फाइलीत नोंदलेल्या उरलेल्या तुकड्यांकडे वळते. चेकडिस्कच्या आणि या पद्धतीच्या क्रमातला फरक इथे दिसतो. चेकडिस्क वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात उतरूनच पुढे जाते. पहिली फेरी पहाटेपर्यंत संपली, दुसरी दुपारपर्यंत चालली, आणि शेवटी काही मेगाबाइट वगळता बाकी सगळे हाती आले.

प्रतिमा नव्या डिस्कवर उतरवल्यानंतरच चेकडिस्क पुन्हा चालवले, तेही फक्त `/f` देऊन, कारण नव्या डिस्कवर खराब सेक्टर शोधण्याचे कारण नव्हते. ते अकरा मिनिटांत संपले. विंडोज सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ॲप्लिकेशन नोंदींत विनइनिटच्या नावाखालची १००१ क्रमांकाची नोंद उघडून कोणत्या फाइलींना हात लागला ते वाचले. दोन वर्षांपूर्वीच्या एका फोल्डरातल्या सहा पीडीएफ उघडत नव्हत्या आणि त्या चार महिन्यांपूर्वीच्या बॅकअपमध्ये शाबूत निघाल्या. जुन्या डिस्कच्या सिस्टम नोंदींत मागचे तीन आठवडे ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाच्या खराब ब्लॉकच्या इशाऱ्यांची रांग लागलेली होती. `/r` ची आज्ञा देण्याआधी ती कोणी उघडून पाहिली नव्हती.