प्रतिज्ञापत्राचा अनुवाद: ‘माहिती’ आणि शिक्का, घसरण्याच्या दोन हमखास जागा

मराठी प्रतिज्ञापत्राचा इंग्रजी अनुवाद करणारा नवा माणूस कलमांवर घाम गाळतो. कोणता मजकूर कशाच्या आधारे खरा, हे सांगणारा शेवटचा सत्यापनाचा परिच्छेद मात्र ‘तो काय, ठरलेलाच असतो’ म्हणून जुन्या फाइलमधून उचलून चिकटवतो. तपासायला आलेली कामं मी बहुतेकदा तेवढ्याच परिच्छेदासाठी परत पाठवते.

सापळा ‘माहिती’ या शब्दात आहे. दोन भावांच्या जमिनीचा दावा होता, तालुक्याच्या कोर्टात तूर्तातूर्त मनाईसाठी अर्ज केलेला. धाकट्याच्या प्रतिज्ञापत्राखाली लिहिलं होतं: ‘कलम १ ते ४ मधील मजकूर माझे स्वतःचे माहितीप्रमाणे खरा असून कलम ५ व ६ मधील मजकूर तलाठी यांचेकडून मिळालेल्या माहितीवरून खरा असल्याचे मी समजतो.’ प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि इंग्रजी प्रत लागली. अनुवाद करणाऱ्या मुलाने दोन्ही ‘माहिती’ना ‘इन्फर्मेशन’ लिहून टाकलं. शब्दकोश उघडला तर चूक दिसतही नाही.

पण पहिली ‘माहिती’ म्हणजे स्वतः पाहिलेलं, अनुभवलेलं. इंग्रजीत ते ‘नॉलेज’. दुसरी दुसऱ्याकडून कळलेली. तिथेच ‘इन्फर्मेशन’ बसतो, आणि ‘समजतो’ला ‘बिलीव्ह’. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९, नियम ३ प्रमाणे प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या ज्ञानातल्या गोष्टीच याव्यात. तूर्तातूर्त मनाईसारख्या अंतरिम अर्जात ‘मी असं मानतो’ चालतं, पण मानण्याचं कारण द्यावं लागतं. कलम २ मध्ये धाकट्याने बांध फुटताना स्वतः उभं राहून पाहिल्याचं सांगितलं होतं. इंग्रजी प्रतीत ते ऐकीव झालं. समोरच्या वकिलांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मूळ कागद दाखवून दुरुस्त अनुवाद दाखल करेपर्यंत एक तारीख गेली. पक्षकार दोनशे किलोमीटरवरून एसटीने आला होता. मुलाचं म्हणणं, ‘मॅडम, एका शब्दाचा तर फरक.’

म्हणून मी सत्यापन सगळ्यात आधी करते. त्यात सांगितलेल्या प्रत्येक कलमाच्या समासात पेन्सिलीने ‘स्व’ किंवा ‘ऐ’ लिहिते आणि मगच पहिल्या ओळीकडे जाते. मूळ सत्यापनच ढिसाळ असेल, ‘सर्व मजकूर माझे माहिती व समजुतीप्रमाणे खरा’ एवढंच असेल, तर इंग्रजीतही ते ढिसाळच राहतं. दुरुस्त करायचं तर वकिलांनी नवं प्रतिज्ञापत्र करून घ्यावं. ते आपलं काम नव्हे.

याच कारणाने जुन्या कागदात खोट्या पुराव्याच्या शिक्षेचं, भारतीय दंड संहितेचं कलम १९३ असेल तर ते तसंच ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली म्हणून ‘अद्ययावत’ करू नका. माणसाने शपथ त्या कागदावर घेतली आहे. ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ यांचीही अदलाबदल नको. १९६९ च्या शपथ अधिनियमात दोन्ही पर्याय वेगळे आहेत.

आता शिक्का. काही जण मूळ पानावरच्या नोटरीच्या गोल शिक्क्याचा फोटो कापून अनुवादात बसवतात, शेजारी सहीसुद्धा. प्रत ‘खरीखुरी’ दिसते म्हणे! अशी प्रत पाहणाऱ्याला वाटतं, नोटरीने इंग्रजी मजकुरावरच सही केली. उलट टोकाचे लोक शिक्का गाळूनच टाकतात. मी चौकटी कंसात वर्णन लिहिते: [गोल शिक्का: नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक], [सही], [नोटरी तिकीट], [आडवा शिक्का: अस्पष्ट]. नोटरीच्या नोंदवहीचा अनुक्रमांक, पान आणि तारीख जिथे आहेत तिथेच, त्याच क्रमाने. खाली सहीची तारीख १२ आणि शिक्क्यातली १३ असेल तर दोन्ही तशाच उतरवते आणि वकिलांना फोन करते.

अंगठ्याच्या कागदात अजून एक ओळ गळते. ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ एवढं उतरवतात, पण त्याखालचं ‘मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला व त्यांनी बरोबर असल्याचे कबूल केले’ हे ‘रूटीन’ म्हणून सोडतात. वाचता न येणाऱ्या माणसाला मजकूर कळला होता, हे सांगणारी कागदावरची ओळ तीच. ‘ओळख पटवणार’ची सहीसुद्धा सोडू नका.

अनुवादकाचा दाखला वेगळ्या पानावर, स्वतःच्या नावाने. अनुवाद पडताळून देणं हे नोटरी अधिनियम, १९५२ च्या कलम ८ प्रमाणे नोटरीच्या कामांत येतं, म्हणून पुष्कळदा त्या पानावर दुसरा नोटरी शिक्का पडतो. तो अनुवादाचा शिक्का, मूळ शपथेचा नव्हे. दोन्ही एकाच पानावर येऊ नयेत म्हणून मी मधल्या पानाच्या डोक्यावर ‘मूळ प्रतिज्ञापत्राचा अनुवाद येथे संपतो’ असं ठळक लिहिते.